बिनदुधाच्या कॉफीवरची साय

कॅफेतला मुलगा उंच काचेचा ग्लास नळाखाली धरतो आणि नळाचा दांडा पूर्ण पुढे ओढतो. ग्लासात पडणारी कॉफी काळी नसते. ती फिकट तपकिरी, दूध घातल्यासारखी गढूळ दिसते. काही सेकंदांत काचेलगत बारीक बुडबुड्यांच्या लाटा सुटतात आणि त्या खाली वाहू लागतात. बुडबुडा हलका, त्याने वर जायला हवं, पण इथे तो सरळ तळाकडे निघालेला दिसतो. मग तळातून काळा रंग वर चढायला लागतो, गढूळपणा वर वर सरकतो आणि मिनिट-दोन मिनिटांत काळ्या कॉफीवर फिकट तपकिरी, मऊ थर उरतो.

यात दूध नाही, क्रीम नाही, साखरही नाही. आहे ती फक्त कोल्ड ब्रू कॉफी आणि नायट्रोजन. जाडसर दळलेली कॉफी थंड पाण्यात बारा ते अठरा तास भिजवून गाळली की कोल्ड ब्रू तयार होते. उकळतं पाणी लागत नसल्याने तिचा आंबटपणा आणि कडवटपणा सौम्य असतो. अमेरिकेत पोर्टलंडच्या स्टम्पटाउन आणि ऑस्टिनच्या क्युव्हे या कॉफी भाजणाऱ्या कंपन्यांनी २०१२-१३च्या सुमारास ही कॉफी नायट्रोजन भरून नळावर आणली, २०१६ साली स्टारबक्सने ती आपल्या दुकानांत ठेवायला सुरुवात केली आणि मग ती जगभर पोचली. मुंबई-पुण्यातल्या काही कॅफेंमध्येही आता ती मिळते, आणि तिथे ती चाखलेल्या माणसाचा पुढचा प्रश्न ठरलेला असतो: हे घरी जमेल का?

त्याचं उत्तर द्यायचं तर हा वायू कॉफीत नेमकं काय करतो हे आधी पाहावं लागतं, आणि तो शोध कॉफीवाल्यांचा नाहीच. आयर्लंडच्या गिनेस कंपनीची काळी बिअर, म्हणजे स्टाउट, पूर्वी दुकानात दोन वेगवेगळ्या पिंपांतून ओतावी लागे. एका पिंपातली फेसाळ, दुसऱ्यातली शांत. दोन्ही हिशेबाने मिसळून वरचा थर जमवणं हे मुरलेल्या हाताचं काम होतं. गिनेसमध्ये काम करणाऱ्या मायकेल ॲश या गणितज्ञाने हा प्रश्न मनावर घेतला. कार्बन डायऑक्साइडच्या जोडीला नायट्रोजन वापरून एकाच पिंपातून तोच मऊ फेस मिळवण्याची पद्धत त्याने बसवली, आणि १९५९ साली ती बाजारात आली. आज कॅफेच्या काउंटरवर दिसणारा नायट्रो कॉफीचा नळ हा त्याच स्टाउटच्या नळाचा थेट वंशज आहे. फरक एवढाच, की बिअरला दोन्ही वायूंचं मिश्रण लागतं आणि कॉफीला निव्वळ नायट्रोजन चालतो.

नायट्रोजनची सगळी करामत त्याच्या एका उणिवेतून येते: तो पाण्यात विरघळायला अगदी नाखूश असतो. फ्रिजइतक्या थंड, म्हणजे पाच अंश सेल्सियसच्या एक लिटर पाण्यात नेहमीच्या हवेच्या दाबाखाली कार्बन डायऑक्साइड जवळजवळ १.४ लिटर मावतो. नायट्रोजन मावतो फक्त २१ मिलिलिटर. सोड्याची बाटली उघडल्यावर फसफस होते ती या भरपूर विरघळलेल्या वायूमुळे. बुडबुडा तयार झाला की भोवतालच्या पाण्यातून त्याला सतत नवा वायू मिळत राहतो, तो फुगतो, सुटतो, वर येऊन फुटतो. शिवाय कार्बन डायऑक्साइड पाण्याशी मिळून सौम्य आम्ल बनवतो. जिभेला झोंबणारी सोड्याची चव त्या आम्लाची असते.

नायट्रोजनच्या बुडबुड्याला हा खुराक मिळत नाही. जन्माला येताना तो जेवढा असतो, साधारण तेवढाच राहतो. आणि एकदा बुडबुड्यात शिरलेला वायू पुन्हा पाण्यातून वाट काढत बाहेरही पटकन जात नाही, कारण पाणी त्याला थारा देत नाही. साध्या फेसात लहान बुडबुड्यातला वायू झिरपून शेजारच्या मोठ्या बुडबुड्यात जातो. लहान नाहीसे होतात, मोठे आणखी मोठे होतात आणि फेस खरखरीत होऊन बसतो. नायट्रोजनच्या फेसात हेच फार सावकाश घडतं. त्यातून बाहेरच्या हवेतही ७८ टक्के नायट्रोजनच असल्याने फेसातून निसटून जायची त्याला घाई नसते. फेस टिकतो तो यामुळे.

कॅफेतल्या पिंपात, म्हणजे केगमध्ये, नायट्रोजनचा दाब साधारण ४० पीएसआय ठेवलेला असतो. बाहेरच्या हवेचा दाब धरला तर कॉफीवर एरवीच्या पावणेचार पट दाब पडतो, आणि तेवढ्या पटीने नायट्रोजन तिच्यात जास्त विरघळतो. ग्लासात पडल्यावर हा जादा वायू बाहेर यायला बघतो. पाव लिटरच्या ग्लासाचा हिशेब केला तर तो भरतो जेमतेम चौदा-पंधरा मिलिलिटर, म्हणजे चहाचे तीन चमचे. डोळ्यांसमोर चाललेला सगळा देखावा मुख्यतः एवढ्याशा वायूचा.

या तीन चमच्यांचे मोठाले बुडबुडे झाले असते तर ते दोन सेकंदांत वर येऊन फुटले असते आणि मागे साधी कोल्ड ब्रू राहिली असती. म्हणूनच वायू कॉफीत घालणं हे अर्धंच काम आहे. तो बाहेर काढताना कसा फोडायचा, यावर उरलेलं अर्धं अवलंबून असतं, आणि घरचे प्रयोग बहुतेक वेळा तिथेच फसतात.

स्टाउटच्या नळाच्या तोंडात एक छोटी चकती बसवलेली असते. तिला बारीक भोकं असतात, बहुतेकदा पाच. दाबाखालची कॉफी या भोकांतून घुसते तेव्हा तिचा वेग एकदम वाढतो, दाब एकदम पडतो, आणि नायट्रोजन एकाच क्षणी असंख्य ठिकाणी बाहेर पडतो. स्टाउटमध्ये असे बुडबुडे साधारण मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढे मोजले गेले आहेत. इतका बारीक बुडबुडा स्वतःच्या बळावर फार हळू वर चढतो आणि भोवतालचं पाणी नेईल तिकडे जातो. तो खाली का जातो, याचं उत्तर इथेच आहे.

आयर्लंडमधल्या लिमरिक विद्यापीठातल्या गणितज्ञांनी २०१२ साली हे कोडं ग्लासाच्या आकारावरून सोडवून दाखवलं. वर रुंद होत जाणाऱ्या ग्लासात बुडबुडे सरळ वर निघतात, पण काच बाहेरच्या बाजूला झुकलेली असते. त्यामुळे काचेलगत बुडबुड्यांची दाटी कमी होते, तिथलं द्रव जड होतं आणि काचेवरून खाली घसरतं. घसरताना ते बारीक बुडबुड्यांनाही ओढून नेतं. मधोमध मात्र प्रवाह वरच जात असतो, पण काळ्या पेयात मधलं काही दिसत नाही. दिसते ती फक्त काचेलगतची घसरण. वर निमुळत्या होत जाणाऱ्या भांड्यात हाच खेळ उलटा होतो आणि काचेलगतचे बुडबुडे वर जाताना दिसतात. नायट्रोसाठी वर रुंद होणारा उंच ग्लास वापरतात तो यासाठी.

जिभेला जे 'दाट' लागतं ते मात्र नीट समजून घ्यायला हवं. नायट्रोजनमुळे कॉफी घट्ट होत नाही. ग्लास गढूळ असतो तोवर कॉफीभर बुडबुडे तरंगत असतात आणि घोट खरोखर जाडसर, गुळगुळीत लागतो. दोन-तीन मिनिटांनी ते वर गोळा झाले की खाली उरते ती जवळजवळ नेहमीची कोल्ड ब्रू. तेव्हापासून मऊपणा मिळतो तो ओठाला लागणाऱ्या फेसातून. गोडीचंही तेच. नायट्रोजनला चव नाही आणि तो साखर तयार करत नाही. कार्बन डायऑक्साइडचा आंबट झोंबरेपणा त्यात नसतो, तोंडात मलईचा भास होतो, आणि मलई म्हटल्यावर गोडीची अपेक्षा असलेल्या आपल्या जिभेला ती कॉफी सौम्य वाटते. म्हणून नायट्रो लगेच प्यावी, आणि बर्फ न घालता प्यावी. बर्फाच्या खडबडीत अंगावर बुडबुडे एकत्र येतात आणि फेस मोडतो. चांगल्या कॅफेत ती आधीच इतकी थंड असते की बर्फाची गरज पडत नाही.

डब्यात नळ नाही आणि चकतीही नाही. मग तिथे वायू फोडायचा कसा? याचंही उत्तर गिनेसनेच १९८८ साली बाजारात आणलं: विजेट, म्हणजे डब्यात बसवलेली प्लास्टिकची पोकळ कुपी, जिला एक सूक्ष्म भोक असतं. डबा बंद करण्याच्या क्षणी त्यात द्रवरूप नायट्रोजनचा एक थेंब टाकतात. शून्याखाली १९६ अंशांवर उकळणारा हा थेंब डब्यात वायू होऊन शेकडो पट फुगतो आणि दाब तयार करतो. त्या दाबाने थोडं पेय आणि वायू कुपीत शिरतात. डबा उघडला की बाहेरचा दाब पडतो, कुपीतला ऐवज त्या भोकातून जोरात बाहेर उसळतो आणि डब्यातल्या सगळ्या पेयात बारीक बुडबुड्यांची लागण करतो. कॉफीच्या काही डब्यांत हीच कुपी असते. रिकामा डबा हलवला की ती आत खडखडते किंवा तळाशी चिकटलेली सापडते.

बऱ्याच डब्यांत कुपी नसते, फक्त थेंबाने आणलेला दाब असतो. अशा डब्यावरच्या सूचना वाचाव्यात. आधी तो उलटसुलट करा किंवा हलवा, मग उघडून एका झटक्यात पूर्ण उलटा करून ग्लासात ओता, असं सांगितलेलं असेल तर ते अक्षरशः पाळावं. इथे फोडण्याचं काम ओतण्याच्या धक्क्याने होतं. डब्याला तोंड लावून पिणाऱ्याला बहुतेक वेळा साधी थंड कॉफीच मिळते, आणि मग तो म्हणतो की नायट्रो म्हणजे नुसती जाहिरात. नळ, कुपीचा डबा आणि बिनकुपीचा डबा हाच दर्जाचा उतरता क्रम आहे.

दुधाच्या डब्यांचा प्रकार वेगळा. अमेरिकेच्या ला कोलोम्ब कंपनीने आपल्या 'ड्राफ्ट लाटे'मध्ये नायट्रोजन न वापरता नायट्रस ऑक्साइड वापरला. केक सजवायचं क्रीम फुलवण्यासाठी बेकरीवाले वापरतात तोच हा वायू. तो पाण्यात नायट्रोजनच्या कितीतरी पट जास्त विरघळतो, स्निग्धांशातही सहज शिरतो आणि चवीला किंचित गोडसर असतो. त्यामुळे दुधाचा फेस फुगीर, भरघोस येतो. नावं सारखी वाटली तरी हे दोन वायू वागायला अगदी वेगळे आहेत, आणि घरी हा फरक फार महागात पडतो.

घरी नायट्रो करायला निघालेला माणूस बहुधा क्रीमचा सायफन घेतो. सायफन म्हणजे जाड धातूची बाटली, डोक्यावर झडप आणि छोट्या काडतुसातून वायू भरायची सोय. त्याच्यासोबत बाजारात सहज मिळतात ती नायट्रस ऑक्साइडची काडतुसं. ती काळ्या कॉफीत सोडली की भरपूर वायू विरघळतो, ग्लासात भसकन बाहेर येतो, मोठ्या बुडबुड्यांचा फेस उभा राहतो आणि बघता बघता बसतो. खाली उरलेल्या कॉफीत हलकी फसफस आणि गोडसर चव राहते. हे पेय वाईट नाही, पण ते नायट्रो नाही. नायट्रोसाठी शुद्ध नायट्रोजनची काडतुसं वेगळी मिळतात. त्यांत वायू दोन-अडीच ग्रॅमच असतो, तर नायट्रस ऑक्साइडच्या काडतुसात आठ ग्रॅम. घेताना वेष्टणावर वायूचं नाव आणि वजन दोन्ही पाहून घ्यावं.

दोन ग्रॅम ऐकायला क्षुल्लक वाटतं, पण हिशेब काही वेगळाच निघतो. दोन ग्रॅम नायट्रोजन मोकळ्या हवेत सुमारे १.७ लिटर जागा व्यापतो. सायफनमध्ये ४०० मिलिलिटर कॉफी भरली आणि वर पाव लिटर जागा मोकळी राहिली, तर एका काडतुसाने बाहेरच्या हवेपेक्षा सहा-सात पट जादा दाब चढतो. कॅफेच्या केगमध्ये तो पावणेतीन पटच असतो. निम्मी कॉफी ओतून झाल्यावर वरची जागा वाढते आणि दाब उतरतो, तरी तो कॅफेपेक्षा जास्तच राहतो. शेवटच्या ग्लासापर्यंत तो साधारण कॅफेच्या पातळीवर येतो. म्हणजे लहान सायफनमध्ये एका वेळी ४०० मिलिलिटर केली तर एक काडतूस पुरतं. तेच लिटरभर कॉफी मोठ्या सायफनमध्ये भरली तर एकाने भागत नाही. पहिला ग्लास बरा येतो आणि पुढचे मलूल पडत जातात. अशा वेळी दुसरं काडतूस लागतं. कॉफी मात्र सायफनवरच्या भरण्याच्या खुणेवर कधीही जाऊ देऊ नये, कारण मोकळी जागा जितकी कमी, तितका दाब जास्त.

दाब पुरेसा असूनही प्रयोग फसतो तो तयारीत. शंभर ग्रॅम जाडसर दळलेली कॉफी एक लिटर पाण्यात फ्रिजमध्ये सोळा-अठरा तास भिजवावी. आधी जाळीतून आणि मग कागदी फिल्टरमधून गाळावी. कागदी फिल्टरला कंटाळू नये. त्यात बारीक चूर अडकतो, नाहीतर तो झडपेत जाऊन बसतो. कॉफीतलं तेलही बऱ्याच प्रमाणात कागदातच राहतं, आणि तेल हा फेसाचा शत्रू आहे. हा फेस धरून ठेवतात ती कॉफीतलीच प्रथिनं आणि लांब साखळीची कर्बोदकं; पातळ, पाणचट कॉफीत ती कमी पडतात, म्हणून कॉफी जरा कडक असलेली बरी. गाळलेली कॉफी आणि रिकामा सायफन दोन्ही रात्रभर फ्रिजमध्ये ठेवावेत. थंडाव्यात नायट्रोजन जास्त विरघळतो. वीस अंशांच्या कॉफीत तो पाच अंशांच्या मानाने पाऊणपटच मावतो.

काडतूस सोडल्यावर सायफन अर्धा-एक मिनिट जोरात हलवावा. नायट्रोजन आपणहून कॉफीत उतरत नाही. केगमध्ये नुसता दाब देऊन ठेवला तर त्याला तासन् तास लागतात, म्हणून कॅफेवाले केगमध्ये सच्छिद्र दगडातून तो सोडतात किंवा केगच हलवतात. हलवल्यावर सायफन पुन्हा तासभर फ्रिजमध्ये ठेवावा आणि ओतण्याआधी थोडा हलवावा. ओतताना तो पूर्ण उलटा धरायचा. उभा धरून दांडा दाबला तर फक्त वायू निसटतो आणि मग कितीही हलवलं तरी उपयोग होत नाही. दांडा हळूच, थोडासाच दाबावा. अर्धवट उघडलेली झडप इथे नळातल्या चकतीचं काम करते. एकदम दाबला तर कॉफी पिचकारीसारखी उडते.

जमलं की नाही हे ग्लासच सांगतो. सुरुवातीला कॉफी तळापर्यंत फिकट आणि गढूळ दिसली पाहिजे. काळा रंग तळातून वर चढला पाहिजे. वरच्या थरातले बुडबुडे सुटे मोजता येऊ नयेत आणि तो थर काही मिनिटं टिकला पाहिजे. कॉफी पहिल्यापासून काळी आणि वर फक्त फेस, असं झालं तर वायू विरघळलेलाच नाही: एक तर कॉफी कोमट होती, किंवा हलवणं कमी पडलं. बुडबुडे वाटाण्याएवढे आणि लगेच फुटणारे असतील तर काडतूस नायट्रस ऑक्साइडचं होतं किंवा दांडा फार जोरात दाबला गेला.

याच्या वरची पायरी म्हणजे स्टाउटचा नळ बसवलेला छोटा घरगुती केग. त्यालाही हीच नायट्रोजनची काडतुसं लागतात, पण खरी चकती असल्याने सायफनपेक्षा फेस बारीक आणि प्रत्येक वेळी सारखा येतो. रोज दोन-तीन ग्लास पिणाऱ्या घराला तो परवडेल. त्याहून पुढे सिलिंडर आणि रेग्युलेटरचा थाट आहे. सिलिंडरमधला दाब शंभर वातावरणांच्याही वर असतो, त्यामुळे नायट्रोजनसाठीच बनवलेला रेग्युलेटर नसेल तर त्या वाटेला जाऊ नये. आणि बर्फासोबत कॉफी शेकरमध्ये हलवली किंवा मिक्सरमध्ये फिरवली तरी फेस येतोच. पण तो हवा कॉफीत कोंबून केलेला असतो, विरघळून बाहेर आलेला नसतो. त्याचे बुडबुडे मोठे असतात आणि ती घसरण कधीच दिसत नाही.

एक धोका घरी आणि कारखान्यात सारखाच आहे. नायट्रोजन प्राणवायूला हटवतो. कॉफी शिळी पडत नाही ती त्यामुळे, पण बोट्युलिझमचे जंतू वाढतात तेही प्राणवायू नसलेल्या जागी. कोल्ड ब्रू उकळलेली नसते आणि तिचा आंबटपणाही त्यांना रोखण्याइतका नसतो. न्यूयॉर्क राज्यातल्या डेथ विश कॉफी कंपनीने २०१७ साली आपले नायट्रो कोल्ड ब्रूचे डबे बाजारातून परत मागवले ते याच कारणाने: प्रक्रियेमुळे डब्यात हे विष तयार होऊ शकतं, अशी भीती होती. कोणी आजारी पडल्याची नोंद नव्हती. घरची भरलेली कॉफी म्हणूनच सतत फ्रिजमध्ये ठेवावी आणि दोन-तीन दिवसांत संपवावी. विकतचा डबा 'थंड ठेवा' असं सांगत असेल तर तो फडताळात राहू देऊ नये.

तर, घरची नायट्रो जमते. नायट्रोजनची काडतुसं खात्रीने मिळत असतील, तर लहान सायफनमधली ४०० मिलिलिटर कॉफी कॅफेच्या बरीच जवळ जाते. ती मिळत नसतील तर केवळ यासाठी सायफन विकत घेऊ नका. कुपी असलेला डबा आणा, रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, उंच ग्लासात एकदम ओता आणि पहिल्या दोन मिनिटांत प्या.